फणस घ्यायचा आहे : कच्चा की पिकलेला, कसा ओळखायचा आणि चौघांना किती किलोचा?

ऋजुता_पुणे
३ मे, सकाळी ९.४०

गेल्या वर्षी मे महिन्यात मी हौसेने अख्खा फणस आणला होता, चांगला बारा किलोचा. विक्रेत्याने सांगितलं, "कापा आहे, चार दिवसांत पिकेल." आम्ही आठ दिवस वाट पाहिली. एका बाजूने तो मऊ आणि काळपट झाला, दुसरी बाजू दगडासारखीच राहिली. शेवटी कापला. मऊ बाजूचे गरे तपकिरी आणि आंबूस निघाले, टणक बाजूचे पांढरट, रबरासारखे, चव काहीच नाही. जवळजवळ सगळा टाकावा लागला. सासूबाईंना फार वाईट वाटलं. त्यांचं माहेर मालवणचं, आणि मे महिन्यात घरात फणसाचा वास नाही म्हणजे त्यांना चुकल्यासारखं होतं.

या वर्षी नीट विचारून घ्यायचा आहे. आम्ही घरात चौघं : आम्ही दोघं, सासूबाई (वय ७१, साखर थोडी वाढलेली) आणि नऊ वर्षांचा मुलगा. माझे तीन प्रश्न आहेत.

फणस खरंच पिकणार आहे हे बाजारात उभं राहून कसं ओळखायचं? चौघांना किती किलोचा पुरतो? आणि सासूबाईंना कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजीही खायची आहे, तर एकाच फणसात दोन्ही होईल का? शेजारच्या काकू म्हणाल्या की अर्धा कापून भाजी कर आणि उरलेला अर्धा झाकून ठेव, तो पिकतो.

मंदार७८
३ मे, सकाळी १०.१५

सोपं आहे. वास घ्या. लांबून वास आला की फणस पिकला. आणि काटे मोठे दिसले पाहिजेत, बारीक काट्यांचा म्हणजे कच्चा. रंग पिवळा असला पाहिजे. थापटून बघा, ढोलासारखा आवाज आला तर डोळे झाकून घ्या. मी इतकी वर्षं असाच घेतो.

मेधा_न्यूजर्सी
३ मे, सकाळी १०.५०

कच्च्यासाठी मी डबाबंद वापरते. आमच्याकडे भारतीय आणि चिनी दुकानांत मिळतो. डब्यावर नीट वाचून घ्या, मिठाच्या पाण्यातला कोवळा फणस हवा. एकदा मी पाकातला आणला आणि त्याची भाजी केली, सगळी गोडमिट्ट. डब्यातलं पाणी निथळलं की हातात साधारण अर्धंच वजन उरतं, म्हणून चौघांना भाजीला दोन डबे लागतात. पिकलेला मात्र इथे मेक्सिकोहून येतो, दुकानदार कापून तुकडे विकतो. मी पाव फणस आणते, तेवढा आम्हा दोघांना होतो.

ऋजुता_पुणे
३ मे, सकाळी ११.०५

मेधाताई, धन्यवाद. पण मी ताज्या फणसाबद्दल विचारत होते. इथे पुण्यात डबा कोणी घेत नाही. कापलेला तुकडा घ्यावा ही कल्पना मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती.

राजापूरकर
३ मे, दुपारी ३.३०

आमची घराभोवती अकरा झाडं आहेत, सहा काप्याची, पाच बरक्याची. फणस काढायला आणि बाजारात पाठवायला लहानपणापासून हात लावला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या गेल्या वर्षीच्या फणसाचं काय झालं ते तुम्ही जे लिहिलंत त्यावरूनच कळतं. दोन वेगळे दोष एकत्र आले. फणस झाडावरून कोवळा काढला होता, म्हणून एक बाजू पांढरी आणि रबरासारखी राहिली. आणि वाहतुकीत तो एका अंगावर आपटला होता, म्हणून ती बाजू पिकण्याआधी कुजली.

लोक 'कच्चा' आणि 'पिकलेला' एवढे दोनच शब्द वापरतात आणि तिथेच फसतात. मधे एक अवस्था आहे, तिला आम्ही 'जून' म्हणतो. जून फणस कच्चाच असतो, टणक असतो, पण त्याची आतली तयारी पूर्ण झालेली असते. तो झाडावरून काढून घरात ठेवला तरी पिकतो आणि गोड होतो. जून व्हायच्या आधी काढलेला कितीही दिवस पेंढ्यात ठेवा, मऊ होईल, काळा पडेल, पण गोड होणार नाही. म्हणजे बाजारात विचारायचं ते "पिकला का?" असं नाही, "जून आहे का?" असं.

जून ओळखायची पहिली खूण काट्यांची. इथे मंदाररावांचं निम्मं बरोबर आहे. काट्यांचा आकार झाडागणिक वेगळा असतो. आमच्याच एका झाडाला पिकल्यावरही बारीक काटे असतात. पाहायचं ते काट्यांमधलं अंतर. कोवळ्या फणसाचे काटे एकमेकांना खेटून, टोकदार आणि हाताला टोचणारे असतात. फणस जून होताना आतून गरे फुगतात, साल ताणली जाते, काटे एकमेकांपासून दूर सरतात आणि त्यांची टोकं बसतात. तळहात फिरवला तर टोचत नाही, नुसतं खरखरीत लागतं.

दुसरी खूण चिकाची. एक काटा नखाने किंवा चाकूच्या टोकाने मोडा. कोवळ्यातून दाट, दुधासारखा चीक लगेच ओघळतो. जून फणसाचा चीक पातळ आणि पाणचट असतो, आणि कमी येतो. विक्रेता एक काटा मोडू देतो, त्यात त्याचं काही जात नाही. नाही म्हणाला तर पुढच्या गाडीवर जा.

तिसरी थापटीची. कोवळ्यावर थापटी मारली की लाकडावर मारल्यासारखा टणटण आवाज येतो. जून झाला की तो जड होतो, पिकला की बदबद येतो. हे कानाला सवयीने कळतं. नवख्या माणसाने एकट्या फणसावर थापटी मारून काही उपयोग नाही, शेजारी शेजारी दोन-तीन ठेवून मारावी, मग फरक ऐकू येतो.

रंगावर फार विसंबू नका. हिरवटातून पिवळसर होतो हे खरं, पण सावलीत वाढलेला फणस पिकला तरी हिरवाच दिसतो, आणि उन्हाच्या बाजूला पिवळा पडलेला कोवळाही असू शकतो.

मंदार७८
३ मे, दुपारी ४.१०

राजापूरकर, वासाबद्दल काही लिहिलं नाहीत. वास तर खात्रीचा आहे ना?

राजापूरकर
३ मे, संध्याकाळी ५.००

वास खात्रीचा आहे, पण तो शेवटचा टप्पा सांगतो. वास सुटला म्हणजे आज-उद्या खायचा. तुम्ही मधल्या वारी फणस आणून रविवारी कापणार असाल तर वास आलेला नको, रविवारपर्यंत तो उतरलेला असेल. शिवाय बाजारात एका ढिगात एक पिकलेला असला की सगळ्या ढिगाला त्याचा वास लागतो. नाक देठापाशी नेऊन हुंगायचं, तिथला गोड वास त्या फणसाचा स्वतःचा. तिथेच आंबूस वास आला किंवा देठाभोवती काळं, ओलसर दिसलं तर तो घेऊ नका.

आणखी एक, हे शहरातल्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं असं माझ्या लक्षात आलं आहे. फणस हातात फिरवून बघा. जिथे तो फुगीर आहे तिथे आत गरे आहेत. जिथे खळगा आहे, दबलेला आहे, तिथे फलधारणा झालेली नसते, आत नुसते तंतू निघतात. वेडावाकडा, एका अंगाने दबलेला नऊ किलोचा फणस आणि सगळीकडून गोल सात किलोचा फणस, दोघांत गरे सारखेच निघू शकतात. पैसे मात्र किलोवर नऊचे जातात. आमच्याकडे गावात नगावर विकतात, म्हणून आम्ही नेहमी गोलच उचलतो.

नूतन_फोंडा
३ मे, संध्याकाळी ६.२५

आमच्या गोव्यात पहिला प्रश्न वेगळा असतो : कापो की रसाळ? तुम्ही ज्याला बरका म्हणता तो आमचा रसाळ. जून आहे की नाही ते तर बघालच, पण हे आधी ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कापा पिकला तरी गरा करकरीत राहतो, फणसाला सुरी लागते. रसाळ पिकला की बाहेरून उशीसारखा दबतो, हाताने उघडतो, गरे घशातून निसटतात. सांदणं आणि साठं करायची असतील तर रसाळच हवा. काप्याचा गरा वाटून सांदणं केली तर ती चोथट होतात.

ऋजुता, तुझ्या सासूबाई मालवणच्या, त्यांना विचार. कदाचित त्यांना रसाळ आवडत असेल आणि तू दरवर्षी कापा शोधत असशील.

ऋजुता_पुणे
३ मे, रात्री ८.५०

नूतनताई, विचारलं! त्यांना बरकाच आवडतो. पण मुलगा तो तोंडात घेत नाही, गिळगिळीत लागतो म्हणतो. म्हणून त्या म्हणाल्या कापाच आण. बरका कच्चा असताना बाहेरून ओळखता येतो का? गेल्या वर्षीचा कापाच होता याची तरी खात्री काय?

दापोलीची_वाट
३ मे, रात्री ९.३०

माझ्या आजीचं ठाम मत होतं की बरक्याचे काटे बारीक आणि जवळजवळ असतात, काप्याचे रुंद. मी ती म्हणेल तसे फणस निवडले आणि बहुतेक वेळा बरोबर निघाले.

राजापूरकर
३ मे, रात्री १०.१०

आजींना त्यांच्या आवारातली झाडं ठाऊक असतील, म्हणून बरोबर निघाले. माझ्या अनुभवात टणक फणस बाहेरून पाहून कापा की बरका ते सांगता येत नाही. झाडवाला सांगू शकतो, कारण त्याने त्या झाडाचे आधी खाल्लेले असतात. काप्याची आठळी लावली म्हणून झाड कापाच होईल असंही नाही. आमच्या वडिलांनी गोड काप्याच्या आठळ्या लावल्या, त्यातली दोन झाडं बरक्याची निघाली. खात्रीने कापा हवा तर कलम लावावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण प्रॉलिफिक' आहे, ते काप्याचं.

पिकल्यावर मात्र अंगठ्याने कळतं. सालीवर दाब द्या. काप्याला थोडी लवचीक दबकी येते, बरका खोल दबतो.

दापोलीची_वाट
३ मे, रात्री १०.२५

तरी मला आजीचं पूर्ण चूक वाटत नाही. यंदा मी पाच-सहा फणस घेईन तेव्हा कापण्याआधी काट्यांवरून अंदाज लिहून ठेवते आणि इथे सांगते.

विनया_ठाणे
४ मे, सकाळी ७.४५

किती किलोचा घ्यायचा यावर कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. मी दरवर्षी वजन करते. माझं माहेर पाचजणांचं आणि सासर नऊजणांचं, दोन्हीकडे फणस मीच आणते, त्यामुळे हिशेबाची सवय लागली.

गेल्या मेमध्ये ९.२ किलोचा कापा कापला. आठळ्या काढून गरे निघाले २.७ किलो. ओल्या आठळ्या १.१ किलो. उरलेले ५.४ किलो म्हणजे काट्यांच्या सालीचं चारखंड, मधला दांडा, तंतू आणि दोन-चार खराब गरे. गरे मोजले ते बरोबर शंभर भरले, म्हणजे एक गरा सरासरी २७ ग्रॅमचा. आधीच्या वर्षांच्या नोंदीही अशाच आहेत : फणसाच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा खायचे गरे. निम्म्याहून जास्त वजन टाकाऊ जातं. पहिल्यांदा घेणारा हे धरत नाही आणि मग कमी पडलं म्हणतो.

म्हणून किलोपासून सुरुवात न करता गऱ्यांपासून करा. ऋजुता, तुझ्या घरचं धरू. पहिल्या दिवशी सगळे हावरटासारखे खातात. तुम्ही दोघं दहा-दहा, मुलगा सहा, सासूबाई चार. हे झाले तीस. दुसऱ्या दिवसापासून खाणं निम्म्यावर येतं, म्हणजे रोज पंधरा. कापलेले गरे फ्रिजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस चांगले राहतात, पुढे कडेने काळवंडतात आणि फ्रिजमधल्या दुधालाही वास लागतो. म्हणून पहिला दिवस आणि पुढचे तीन धर : तीस अधिक पंचेचाळीस, पंचाहत्तर गरे. २७ ग्रॅमने दोन किलो. एवढे गरे हवेत तर फणस साडेसहा ते सात किलोचा. बारा किलोचा तुम्हा चौघांना चांगला निघाला असता तरी उरलाच असता.

शेजारी वाटणार असाल तर मात्र मोठा घ्या. मोठ्या फणसात सालीचा वाटा थोडा कमी असतो, असं माझं वजनावरून मत झालं आहे.

ऋजुता_पुणे
४ मे, सकाळी ८.३०

विनयाताई, हे मला हवं होतं. सासूबाईंना चार गरे चालतील ना? इथे कोणी डॉक्टर आहे का? त्यांनी कुठेतरी वाचलं की कच्च्या फणसाने साखर कमी होते, म्हणून भाजी रोज खाईन म्हणतात.

डॉ_अनघा
४ मे, दुपारी १.१५

मी मधुमेहाचे रुग्ण पाहते. पिकलेला गरा गोड फळच आहे, तीन-चार गरे म्हणजे साधारण शंभर ग्रॅम. ते जेवणावर वरून खाण्याऐवजी त्या वेळची एक पोळी कमी करून खावेत, आणि दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघावी. त्या आकड्यावरून त्यांचं प्रमाण ठरेल, कारण माणसागणिक फरक पडतो. कच्च्याची भाजी भातापोळीच्या जागी खाल्ली तर साखर तुलनेने कमी वाढते, पण त्यावर भरवसा ठेवून गोळी कमी करायची नाही. एक गोष्ट आवर्जून विचारते : त्यांच्या मूत्रपिंडांना काही त्रास आहे का? असेल तर फणसातलं पोटॅशियम जास्त पडतं, मग त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ऋजुता_पुणे
४ मे, दुपारी २.००

मूत्रपिंडाचा त्रास नाही, मार्चमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. पोळी कमी करायचं त्यांना पटलं.

राजापूरकर
४ मे, संध्याकाळी ४.४०

आता भाजीचा प्रश्न. कुयरीचे दिवस होळीच्या आगेमागे. तेव्हा आठळीचं कवच धरलेलं नसतं, साल आणि मधला दांडा काढला की सगळं शिजतं. सव्वा किलोच्या कुयरीचा चिरून साफ केलेला ऐवज सहाशे-सातशे ग्रॅम निघतो, चौघांना एका जेवणाला पुरतो. मे महिन्यात गाड्यांवर 'भाजीचा फणस' म्हणून जे मिळतं ते बहुतेक निबर असतं. ना कुयरी, ना जून. विक्रेत्याला एक काप काढायला सांगा. आठळीवर कडक पांढरं कवच आलं असेल आणि गऱ्याभोवतीचे तंतू दोऱ्यासारखे ओढले जात असतील, तर कुयरीसारखी ठेचून भाजी होणार नाही, कितीही शिट्ट्या केल्या तरी.

मेमध्ये सासूबाईंना कच्च्या गऱ्यांची भाजी द्या. जून कच्चा फणस फोडून गरे सोडवायचे, आठळी बाजूला काढायची, गरे उभे चिरायचे. ओल्या खोबऱ्यावर, सुक्या मिरचीच्या फोडणीत वाफेवर शिजतात. मालवणकडच्या माणसाला ही भाजी सांगायला नको. चौघांना सोललेले गरे अर्धा किलो पुरतात, आणि त्यातल्याच आठ-दहा आठळ्या ठेचून घालायच्या.

आणि शेजारच्या काकूंचा सल्ला. कापलेला अर्धा फणस ठेवला तर तो पिकत नाही. कापल्या जागेवरून चीक वाहतो, पाणी सुटतं, बुरशी धरते, आतले दोन-चार गरे पिवळे होतात, बाकीचे सुकतात. एका फणसात दोन्ही होणार नाही.

विनया_ठाणे
४ मे, संध्याकाळी ५.२०

काकूंच्या बाजूने एवढं सांगते की पिकू लागलेला फणस कापला तर आतले अर्धवट गरे दुसऱ्या दिवशी थोडे गोड लागतात, ते मी पाहिलं आहे. त्यांनीही तेच पाहिलं असेल. पण पूर्ण कच्चा कापून ठेवला तर राजापूरकर म्हणतात तसंच होतं.

मग ऋजुता, भाजीसाठी कापलेला कच्चा तुकडा घे. अर्धा किलो साफ गऱ्यांसाठी दीड-दोन किलोचा तुकडा लागेल. तो त्याच दिवशी कापलेला असावा, कापल्या बाजूला तपकिरी पडलेली नको.

नूतन_फोंडा
४ मे, संध्याकाळी ६.१०

आणि जास्तीचे कच्चे गरे उरले तर मिठात घाल. आमच्याकडे पावसाळ्यासाठी बरणीत मिठाचे गरे ठेवतात, हवे तेव्हा पाण्यात भिजवून खारटपणा काढायचा आणि भाजी करायची. आठळ्याही धुवून सावलीत सुकव. ओल्याच डब्यात ठेवल्यास तर चार दिवसांत बुरशी येईल.

ऋजुता_पुणे
७ मे, रात्री ९.१०

आज घेतला! तुमचं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. तिसऱ्या गाडीवर मिळाला. पहिल्या दोन ठिकाणी काटा मोडला तर दाट चीक आला. इथे पातळ आला, काटे एकमेकांपासून सुटे होते. तीन फणस शेजारी ठेवून थापटले आणि राजापूरकर म्हणतात तो फरक मला खरंच ऐकू आला. वजन ६.८ किलो. एका बाजूला छोटा खळगा होता, पण बाकी गोल होता म्हणून घेतला. विक्रेता म्हणाला कापा आहे. भाजीसाठी वेगळा १.७ किलोचा ताजा कापलेला तुकडा घेतला, भाजी उद्या.

आता अख्खा फणस ठेवायचा कसा? देठात मीठ भरून खुंटी मारावी असं सासूबाई म्हणतात. फ्रिजमध्ये ठेवला तर जास्त टिकेल का?

राजापूरकर
७ मे, रात्री १०.००

अख्खा फणस फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळवंडते आणि मग तो पिकत नाही. गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर न ठेवता पाटावर ठेवा. रोज अंग बदला, नाहीतर वजनाने खालची बाजू आधी मऊ पडते. खुंटी आमच्याकडेही मारतात, त्याने पिकणं एखाद दिवस अलीकडे येतं असा आमचा समज. मी हल्ली मारत नाही, कारण भोकातून माशी जाते. घाई असेल तर गोणपाटात दोन-तीन पिकती केळी ठेवा.

तिसऱ्या दिवसापासून देठाजवळ रोज हुंगा. वास आला, अंगठा थोडा दबला की त्याच दिवशी कापा. काप्याला एक दिवस जास्त झाला तरी करकरीतपणा जातो.

ऋजुता_पुणे
१३ मे, दुपारी १२.३०

आज सहाव्या दिवशी सकाळी देठापाशी वास आला. अंगठा दबला. हाताला आणि विळीला खोबरेल लावलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं, मधला दांडा काढला, चीक कागदाने पुसून घेतला. सासूबाई समोर बसून सांगत होत्या.

कापाच निघाला. गरे ७१. वजन १.९ किलो. आठळ्या ०.८ किलो. बाकी ४.१ किलो. खळग्याच्या जागी हाताएवढी जागा नुसत्या तंतूंची होती, अगदी म्हणाल तसं. पंचाहत्तरला चार कमी, तेवढे बहुधा त्या खळग्यातच गेले. गरे पिवळेधमक आणि करकरीत. मुलाने सहाच्या जागी अकरा खाल्ले, म्हणजे पहिल्या दिवशी तीस नव्हे, चौतीस-पस्तीस धरावे लागतील. सासूबाईंनी चार खाल्ले, पोळी एक कमी, दोन तासांनी १६८. डॉ. अनघा, हे ठीक आहे का?

डॉ_अनघा
१३ मे, दुपारी ३.४०

१८० च्या आत आहे, ठीक आहे. उद्या तीन द्या आणि पुन्हा बघा. त्यांचा रोजचा जेवणानंतरचा आकडा काय असतो तोही लिहून ठेवा, म्हणजे तुलना होईल.

दापोलीची_वाट
१३ मे, संध्याकाळी ६.००

ऋजुता, काटे रुंद होते की बारीक? माझी नोंद : आतापर्यंत दोन फणस. एकाचे काटे बारीक, बरका निघाला. दुसऱ्याचेही बारीक, तो कापा निघाला.

ऋजुता_पुणे
१३ मे, संध्याकाळी ७.१५

मध्यम म्हणता येतील. चारखंडाचा एक तुकडा अजून आहे, उद्या उजेडात फोटो टाकते.

विनया_ठाणे
१३ मे, रात्री ८.०५

पुढचा घेणार असशील तर महिनाअखेरच्या आत घे. पहिला मोठा पाऊस झाला की गरे पाणचट होतात. वटपौर्णिमेला सुटे गरे विकत मिळतील, पण तोवर त्यांची गोडी उतरलेली असते. त्या दिवशी वाणासाठी पाच-सात लागतात, तेवढे पाव किलोत होतात. अख्खा आणू नकोस.

राजापूरकर
१३ मे, रात्री ९.२०

पावसाचं खरं आहे, पण सरसकट नाही. आमच्याकडे आडोशाचं एक झाड आहे, त्याचे जूनच्या दुसऱ्या आठवड्यातही गोड असतात. विक्रेत्याला फणस कधी काढला ते विचारा. पावसाआधी काढलेला असेल तर पावसात विकत घेतला तरी चालतो.